जामीनदाराची सही

वादी मूसा गावचा टॅक्सीवाला नवाफ कर्जाचा हप्ता कमी करून घ्यायचा अर्ज घेऊन बँकेत बसला होता. पर्यटक आटले आणि महिन्याची कमाई हजार दिनारांवरून साडेचारशेवर आली; मग चारशेचा हप्ता भरणार काय, कपाळ? बाकी नऊ हजार सहाशे, व्याज तेच नऊ टक्के, हप्ता दोनशेचा, मुदत पाच वर्षं, असं त्याने मांडलं होतं.

"हिशेब बरोबर आहे, अबू सालेम," अधिकारी बाई नवाफला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाल्या. "पण मुदत वाढवायची तर जामीनदाराची नवी सही लागते, आणि त्याची कमाईही शाबूत हवी."

"माझा जामीनदार फलाह. तोही टॅक्सीवालाच."

"आणि त्याला जामीन कोण?"

"मीच की!"

मागच्या खुर्चीत कुणीतरी खाकरलं. नवाफने वळून पाहिलं. फलाहच होता, हातात तसलाच अर्ज घेऊन.

"नवाफ, लेका," तो म्हणाला, "मी तर तुझ्याच भरवशावर आलो होतो."