कागदातला भाऊ

एम.ए. झाल्यावर मला पहिलं काम मिळालं ते बोलींच्या नोंदीचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडिलांनी गावी, भोंगवलीत, ही बातमी सांगितली, तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं होतं, "म्हंजी बोलायचा पगार देत्यात?" वडील म्हणाले, "बोलायचा न्हाई, ऐकायचा."

प्रकल्पाच्या सरांनी दिलेली प्रश्नावली जगातल्या पुष्कळ भाषांसाठी एकच होती. आधी प्रसंग समजावून सांगायचा, मग समोरच्या माणसाकडून त्याच्या बोलीतलं वाक्य घ्यायचं. भाऊ काल आला. भाऊ आत्ताच आलाय. भाऊ दर दिवाळीला यायचा. आला असेल. आला असता. सगळीकडे माणूस मुद्दाम एकच ठेवलेला, म्हणजे फरक पडला तर क्रियापदातच पडावा. तुर्कीत स्वतः न पाहिलेल्या गोष्टीसाठी क्रियापदाचं रूपच वेगळं होतं, असं सर सांगत. आपण 'म्हणे' जोडतो, वाटलं तर तेही गाळतो.

वेल्ह्याकडच्या एका वाडीत साठीतल्या एका मावशींकडे मी दोन दिवस बसले. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "समजा, भाऊ काल आला असता, तर तुम्ही काय केलं असतं?"

"काल कुठनं येतोय? त्यो पुण्याला दवाखान्यात हाय."

"नुसतं समजायचं, मावशी."

"समजून काय करू? आला की कोंबडी कापीन."

'असता' काही त्या म्हणेनात. मधेच शेजारणीने हाक मारली. मावशी चुलीपासून न हलता म्हणाल्या, "आले, आले," आणि पुढे दहा मिनिटं भाकरीच थापत होत्या. रूप भूतकाळाचं, जाणं अजून व्हायचं. प्रश्नावलीत त्याला चौकट नव्हती. मी समासात लिहून घेतलं आणि खूश झाले.

त्यांचा भाऊ कामथडीचा. आठ दिवसांपूर्वी त्याला पुण्यात दाखल केलं होतं. हे कळल्यावर मी वाक्यांतला माणूस तेव्हाच बदलायला हवा होता. पण शब्द बदलला तर नोंद बिघडेल असं मला वाटलं. दिवसभर मी भाऊच विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास त्यांच्या मुलाने मला गोठ्याकडे बोलावलं. फोन आला होता. मामा सकाळीच गेले होते. जीप येत होती, आईला कामथडीला पोचल्यावर कळणार होतं. "तवर तिला कायतरी इचारत बसा, ताई," तो म्हणाला.

आमच्याकडे अशीच रीत आहे. घरी सांगायचं, जरा जास्त झालंय. वाटेत नसरापूरच्या पुढे सांगायचं, काय सांगता येत न्हाई. मग दारातली माणसं दिसतात आणि सांगायला काही उरत नाही. माझ्या आईलाही तिच्या वडिलांच्या वेळी असंच नेलं होतं. याला कोणी खोटं म्हणत नाही.

मी परत येऊन बसले. मावशी हुलगे निवडत होत्या. कागदावर पुढचा भाऊच होता. तो शब्द माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, शेजारी. शेजारी आला असेल. शेजारी येणार होता. त्यांनी दोन्ही वाक्यं दिली. तिसऱ्याला त्यांचा हात सुपात थांबला.

"काल दिसभर भाऊ, भाऊ करीत हुतीस," त्या म्हणाल्या. "आज माझा भाऊ कुठं गेला तुझ्या कागदातनं?"

पान बदललं, असं काहीतरी मी पुटपुटले. दारातून मुलगा म्हणाला, "मामाला जास्त झालंय म्हणं, आई. जीप बोलावलीया." त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तू सांग, पोरी. गेला म्हणत्यात, का गेला?"

ऐकलेलं आणि खात्रीचं यांतलं अंतर मी दोन वर्षं शिकले होते. त्यावर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. आता मला त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. पाहिलेली माणसं पुण्यात होती.

"मी नुसतं ऐकलंय, मावशी," मी म्हणाले. ते खरं होतं, आणि तेवढ्यात सगळं सांगून झालं होतं.

त्या रडल्या नाहीत. सूप बाजूला ठेवलं, उठून हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि उंबऱ्यापर्यंत येऊन खालीच बसल्या. बाहेर जीप येऊन थांबली. मुलाने एक हात धरला, मी दुसरा. चालकाने हॉर्न वाजवला.

"आले," मावशी म्हणाल्या.

आम्ही दोघांनी उचलून पाहिलं. त्या उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. हॉर्न पुन्हा वाजला.

"आले, आले," त्या म्हणत राहिल्या, आणि आम्ही त्यांचे हात धरून तसेच उभे राहिलो.