तांबं सोन्याहून जड

रसायनाच्या प्रयोगशाळेतला मी शिपाई. अणू मोजायला मला सरांनीच शिकवलं, चेंडू आणि तारांचा ठोकळा हातात देऊन. "कोपऱ्यातला अणू आठ घरांच्या मालकीचा, आपल्या वाट्याला अष्टमांश. बाजूच्या मधोमधचा दोन घरांचा, आपला निम्मा. आठ कोपऱ्यांचा मिळून एक, सहा बाजूंचे तीन. तांब्याच्या अशा एका घरात, म्हणजे युनिट सेलमध्ये, अणू चारच." माझ्यासारख्या ढ माणसाच्याही डोक्यात बसलं.

दोन वर्षांपूर्वी तेच सर मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले. "अरे, चार कसे येतात?" मला वाटलं, फिरकी घेताहेत. कसली फिरकी! तेव्हापासून तासाआधी मी त्यांच्या खिशात चिठ्ठी सरकवायचो. घरी बोलू नकोस म्हणाले, नाही बोललो. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, रेटून नेऊ म्हटलं.

तक्रारी व्हायच्या त्या झाल्याच. मंगळवारी प्राचार्या बाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. आज चुकले तर सर घरी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नेमके सर त्या दिवशी उशिरा आले आणि थेट वर्गात शिरले. चिठ्ठी माझ्याच हातात राहिली.

मी दारातून बघत होतो. सरांनी ठोकळा उचलला आणि चेंडू मोजले. एक, दोन, तीन करत चौदा. प्रत्येक चेंडू अख्खा धरला. चौदाला तांब्याच्या अणुभारानं, त्रेसष्ट पॉइंट पाचनं गुणलं, खाली अ‍ॅव्होगाड्रोचा आकडा गुणिले कडेच्या लांबीचा घन. घनता आली एकतीस पॉइंट चार.

"सर," एक मुलगी म्हणाली, "सोन्याची एकोणीसच आहे. तांबं सोन्याहून जड कसं?"

वर्ग खिदळला. सरांनी गुणाकार, भागाकार तीनदा तपासला. त्यात चूक नव्हतीच. मला राहवेना. आत जाऊन हळूच म्हटलं, "सर, वाटे राहिले."

"कसले वाटे?" सरांनी विचारलं. प्राचार्या बाई उठून गेल्या.

सरांची नोकरी गेली. पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून सरांच्या बायकोचा, वहिनींचा निरोप आला. सरांच्या डोक्यात पाणी साठत होतं, त्यानंच विसर पडायचा. दोन वर्षं आधी आणलं असतं तर बराच फरक पडला असता, असं डॉक्टर म्हणाले. सर खाटेवर झोपले होते. मला माझीच शिसारी आली. चिठ्ठ्यांचं सगळं सांगून टाकलं आणि म्हटलं, "वहिनी, चार शिव्या तरी द्या."

वहिनींनी सरांचं पांघरूण सारखं केलं.

"कुठल्या तोंडानं देऊ? घरी मीच सांगायचे त्यांना, किल्ली कुठंय, लेकीचं नाव काय. मला म्हणाले होते, कॉलेजात कळू देऊ नकोस."