बदलीवाला येईपर्यंत

हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मी प्लास्टिकची झाकणं काढायच्या मशीनवर काम करतो. ती मशीन मधेच सोडली तर आतला माल थिजून बसतो, मग साफ करायला अर्धा दिवस जातो. म्हणून संध्याकाळी माझी शिफ्ट संपली तरी पुढचा माणूस, म्हणजे आमच्या भाषेत बदलीवाला, आल्याशिवाय मी हलत नसे. तो नालासोपाऱ्याहून यायचा, कधी तासाने, कधी दोन तासांनी. ह्या जास्तीच्या तासांचा एक पैसा कधी पगारात आला नाही.

विचारलं की सुपरवायझर म्हणायचा, "काका, तुला थांबायला कोणी सांगितलं? स्लिप दाखव."

ओव्हरटाइमची स्लिप तो कधी लिहीतच नसे. कुठून दाखवू?

शेवटी माझं डोकं फिरलं. सूनबाई वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते. तिला म्हटलं, पत्र लिही. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण सांगायला मागे नाही. पंखा बंद असतो, चहा पाण्यासारखा असतो, सुपरवायझर मला अरे-तुरे करतो, सगळं सांगितलं. ती टाइप करेना.

"बाबा, चहाचे पैसे मागायचेत की ओव्हरटाइमचे?"

"अपमानाचे काय?"

"त्याचा दर करारात नाहीये," ती म्हणाली. मुलगा हसला. मी जेवलो नाही.

रागातच कपाटातून नेमणुकीचं पत्र काढून तिच्यापुढे टाकलं. इंग्रजीत होतं, सही करताना कोणी वाचून दाखवलं नव्हतं. तिने वाचलं. शिफ्टच्या वेळेपलीकडच्या कामाला दुप्पट दर, पण सुपरवायझरने लेखी सांगितलं असेल तरच. मी म्हटलं, "झालं, मेलो." ती पुढे वाचत राहिली, आणि थांबली.

"बाबा, हे ऐका. पुढचा कामगार ताबा घेईपर्यंत ऑपरेटरने मशीन सोडू नये, सोडल्यास कारवाई. हे लेखीच आहे की! आणि कंपनीचंच."

माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

हजेरीची अडचण नव्हती. बोट टेकवून हजेरी लावायच्या मशीनचा कागद दर महिन्याला नोटीस बोर्डावर लागायचा. उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल खूण. माझ्या नावापुढे कधीच नाही, म्हणून मी मोबाइलवर फोटो काढून गावच्या भावाला पाठवायचो, जरा मिरवायला. त्याच फोटोंत जायची वेळही होती. सूनबाईने प्रत्येक दिवसाचा हिशोब मांडला, शिफ्ट किती वाजता सुटली, मी किती वाजता सुटलो. मधले दोन महिने बोटाची मशीन बिघडली होती, त्यांचे तास तिने वेगळे लिहिले. "ह्याचा पुरावा मालाच्या रजिस्टरात, जाताना तुम्ही वेळ टाकून केलेल्या सहीचा. ते त्यांच्याकडे आहे, दाखवा असं लिहिते."

ऑफिसात पत्राची पोच देईनात. मग भाईंदर पश्चिमेला जाऊन पोस्टाने, पावती घेऊन पाठवलं.

आठवड्याने शेठने केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. बायकोच्या ऑपरेशनला त्याने मला उचल दिली होती, आणि ह्या वर्षी त्याची दोन गिऱ्हाइकं बुडाली होती, तोंड सुकलं होतं त्याचं.

"काका, आप तो घर के आदमी. पत्र कशाला? दिवाळीला पाकीट देतो ना जाडं."

"शेठ, पाकीट तुमच्या खुशीचं. हे माझ्या कामाचं. दोन्ही एकात मिसळू नका."

"स्लिप कुठे आहे?"

मी नेमणुकीच्या पत्रावर बोट ठेवलं. सूनबाईने पेन्सिलीने खूण केली होती. शेठने वाचलं, चष्मा काढला, सुपरवायझरला आत बोलावून विचारलं, "ये मशीन छोड के जाता तो तू क्या करता?"

"मेमो देता, सेठ."

"फिर स्लिप क्यों नहीं दिया?"

शेठने त्याला बाहेर पाठवलं आणि हिशोबाचा कागद पुढे ओढला.

दोन दिवसांनी चेक तयार झाला. सोबत व्हाउचर. त्याचा फोटो पाठवून सूनबाईकडून फोनवर वाचून घेतलं. त्यात लिहिलं होतं, सगळा हिशोब पूर्ण, आता काही मागणं नाही.

"बाबा, दोन महिने राहिलेत. तेवढी ओळ असेल तर सही करू नका."

शेठ वैतागला. "चेक पण जाईल हां, काका."

खोटं कशाला बोलू, घराचा हप्ता डोळ्यांपुढे आला. तरी पेन खाली ठेवलं. "ती ओळ काढा. जेवढे दिलेत तेवढ्याचीच सही."

 त्याने स्वतःच्या पेनने ओळ खोडली, बाजूला सही ठोकली, म्हणाला, "बहुत जिद्दी हो."

"मशीन सोडून गेलो असतो तर जिद्दी नसतो," मी म्हटलं.

रजिस्टर मात्र त्याने अजून दाखवलेलं नाही. सूनबाईने त्यासाठी दुसरा अर्ज लिहून ठेवलाय. शुक्रवारी आमचा कारखाना बंद असतो आणि सरकारी कचेरी चालू. तो घेऊन ठाण्याला लेबर ऑफिसात जाणार आहे. शेठला तसं सांगून आलोय, पाठीमागून काही करायचं नाही.