अक्षरं तेवढी पाठवा

मी मूळची तिरसट. त्यात पुण्यात जपानी शिकलेली, म्हणजे अक्कल वाटण्याचा परवानाच मिळाल्यासारखी. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात जपान आणि चीनमधून जुनी मशिनं यायची; कागदं माझ्याकडे, आणि मशिनं शारजाच्या यार्डात. यार्डाचे फोरमन रत्नागिरीकडचे. मी त्यांना भाई म्हणायचे, ते मला ताई. मशीन उतरलं की त्यावरच्या पाट्यांचे फोटो ते व्हॉट्सॅपवर पाठवत. माझं उत्तर गेलं की इंग्रजी स्टिकर छापून चिकटवत.

भाईंचे फोटो म्हणजे एक एक कमाल होती. पाटी कोपऱ्यात इवलीशी, बाकी त्यांची चप्पल, चहाचा कप, अर्धं आकाश. एकदा वैतागून मी फोन लावला आणि सुनावलं की मला यार्डाची सहल नकोय, अक्षरं तेवढी कापून पाठवा. ते हसले. त्या दिवसापासून फोटो नखासारखे कातरून येऊ लागले. मला काय आनंद झाला होता त्याचा!

त्या गुरुवारी दोनच अक्षरं आली, 入 आणि 切. खाली भाईंनी लिहिलं होतं की पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायचं मशीन आहे, पूर्ण फोटो पाठवू का? मी मीटिंगला निघाले होते. ही अक्षरं चिनीतही आहेत आणि जपानीतही. सोबत काना, म्हणजे जपानीची स्वतःची वळणदार अक्षरं, असती तर भाषा ओळखायला क्षणही लागला नसता. ती नव्हती, म्हणून कागदं न उघडताच मी चिनी धरून चालले आणि फोटो भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला. ॲप म्हणालं, आत जाणे आणि कापणे. कापायचंच मशीन, अर्थ चपखल बसला. ‘इन’ आणि ‘कट’ लिहा, पूर्ण फोटो नको, असं कळवून मी लिफ्टमध्ये शिरले.

जपानी मशिनच्या बटणावर 入 म्हणजे चालू आणि 切 म्हणजे बंद. हे मला येत होतं हो. पहिल्या वर्षाला येत होतं.

शनिवारी गिऱ्हाईक मशीन बघायला आलं. भाईंनी बटण ‘इन’वर फिरवलं, पुठ्ठा आत सरकवायची खूण समजून, आणि पुठ्ठ्यासोबत हात पुढे नेला. रोलर फिरले. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली.

मी यार्डात गेले तेव्हा मशीन तसंच उभं होतं. बटणाखाली वीतभर अंतरावर पिवळी पाटी होती, 手を入れる前に電源を切ること. हात घालण्याआधी वीज बंद करा. तीच दोन अक्षरं, मध्ये ढीगभर काना, शेजारी हात आणि वीज हे शब्द. तिथे 入 म्हणजे हात घालणं, वर बटणावर तेच 入 म्हणजे चालू. आंधळ्यालाही कळलं असतं की मशीन जपानी आहे आणि 切 म्हणजे बंद. फोटो वीतभर मोठा असता तर हे माझ्या डोळ्यांपुढे आलं असतं.

हॉस्पिटलमध्ये मी सगळं कबूल करायचं ठरवून गेले होते. मालक आधीच पलंगाशी उभे होते, स्टिकर चुकलं कसं ते विचारत. भाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “फोटो मीच कापून पाठवला साहेब. ताईंना काय दिसणार?”

मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. व्हिसा, मुलीची शाळा, घराचं भाडं, सगळं एकदम डोक्यात आलं आणि मी मान खाली घातली. मालक म्हणाले, खलास, विषय संपला. महिन्याभरात भाई कायमचे गावी गेले. निरोपाला मी खजुराचा डबा घेऊन गेले, आणि तेव्हाही गप्पच राहिले. लाज वाटते लिहिताना.

हल्ली यार्डातल्या सगळ्यांकडे मी आधी पूर्ण फोटो मागते, मग विचारते, मशीन कुठलं, पाटी कुठे लावलीय, शेजारी काय आहे. पोरं कंटाळतात.

मागच्या आठवड्यात भाईंचा मेसेज आला. गावात छोटं किराणा दुकान टाकलंय म्हणे. सोबत दुकानाच्या पाटीचा फोटो, चारही बाजूंनी नीट कातरलेला. भाई दिसत नव्हते, दुकान दिसत नव्हतं, हात तर नाहीच.

मी लिहिलं, “भाई, पूर्ण फोटो पाठवा ना.”

लगेच उत्तर आलं. “कशाला ताई? अक्षरं दिसतायत ना?”