संमेलनाच्या कॅसेटवर कुणाचं नाव

उंब्रजजवळच्या एका गावात मी हायस्कूलला मराठी शिकवत होतो, तेव्हा शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाची व्हिडिओ शूटिंग करायची टूम नुकतीच निघाली होती. त्याआधी संमेलन व्हायचं आणि संपायचं. शूटिंग सुरू झाल्यापासून ते ऑफिसातल्या लोखंडी कपाटात जमा होऊ लागलं. कपाटात चार कॅसेटी होत्या आणि चारही कॅसेटींवर मुख्याध्यापकांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एकच मजकूर लिहिला होता : ‘वार्षिक स्नेहसंमेलन. शुभहस्ते मा. चेअरमनसाहेब.’

चेअरमनसाहेब साखर कारखान्याचे. चारही वर्षं पाहुणे तेच होते. साल का लिहिलं नाही, असं मी एकदा विचारलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, “पाहुणे महत्त्वाचे, सर. साल काय, दरवर्षी बदलतं.”

इतका बिनतोड युक्तिवाद ऐकून मी तो विषय सोडून दिला. शिवाय तेव्हा कॅसेट मागायला कुणी येत नव्हतं. चेअरमनसाहेबांना स्वतःला पाहायचं असेल तर त्यांच्या घरी वेगळी कॉपी जात असे.

पहिला मागणारा आला तो फौजी. गावचाच, आमच्याच शाळेत शिकलेला, सुट्टीवर आला होता. सोबत बायको. त्याची मुलगी आमच्याकडे आठवीत होती. पाचवीत असताना ती कोळीनृत्यात नाचली होती आणि त्यानंतर स्टेजवर चढायचं तिनं नावच काढलं नव्हतं. बाप तेव्हा सीमेवर कुठंतरी होता.

“सर, उद्या निघायचं हाय मला,” तो म्हणाला. “तेवढा डान्स दुसऱ्या कॅसेटवर उतरवून न्यायचा. युनिटात व्हीसीआर हाय. एकदा तरी बघू की पोरगी कशी नाचती.”

मी कपाट उघडलं आणि चार कॅसेटी त्याच्यापुढे मांडल्या. त्यानं चारही वाचल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

“ह्यातली कुठली?”

“पाचवीत होती ना? म्हणजे तीन वर्षांपूर्वीची,” मी म्हणालो.

“मग त्यावर लिवलंय कुठं?”

लिहिलं कुठंच नव्हतं. एकच मार्ग उरला, लावून पाहणं. ऑफिसातला व्हीसीआर आणि टीव्ही जोडला. मला वाटलं होतं, स्टेजमागच्या पडद्यावर साल दिसेल. पण शाळा काटकसरी. थर्माकोलची ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ ही अक्षरं दरवर्षी तीच चिकटवत असू, आणि सालाचे आकडे पुन्हा वापरता येत नाहीत म्हणून ते कापतच नव्हतो. पडद्याच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यानं तारीख उमटवली होती, पण कॅमेऱ्यातल्या घड्याळाची बॅटरी गेलेली असल्यानं आमची सगळी संमेलनं एक जानेवारीलाच झालेली दिसत होती. भाषणावरून ओळखावं, तर चेअरमनसाहेबांचं भाषणही थर्माकोलसारखंच जपून ठेवलेलं होतं.

दोन कॅसेटींची सुरुवात पाहून झाल्यावर फौजीची बायको पहिल्यांदा बोलली.

“आवं सर, त्या साली साहेबांचा पाय प्लास्टरात हुता. खुर्चीसकट उचलून स्टेजवर ठिवलं हुतं त्यास्नी. माझ्या दिरानंच एक पाय धरला हुता.”

“साहेबांचा?” फौजीनं विचारलं.

“खुर्चीचा! गप बसा की जरा.”

तिसऱ्या कॅसेटमध्ये प्लास्टर सापडलं. चार माणसं खुर्ची वर चढवत होती आणि साहेब हवेतूनच नमस्कार करत होते. कॅसेट मी पुन्हा अगदी आरंभापर्यंत गुंडाळली, मशीनवरचा टेप मोजणारा आकडा शून्यावर आणला आणि मग पुढं पळवू लागलो. दीपप्रज्वलन, शाल, हार, अहवाल, पुन्हा हार. मग एकदाचं कोळीगीत वाजलं. उसाच्या गावातल्या, समुद्र न पाहिलेल्या मुली टोपल्या घेऊन स्टेजवर आल्या. फौजी खुर्चीच्या टोकाला सरकला. मुली रांगेत उभ्या राहिल्या, आणि कॅमेरा वळून चेअरमनसाहेबांवर गेला.

तो तिथंच राहिला. गाणं चालू, टाळ्या चालू, घुंगरांचा आवाज येतोय, आणि पडद्यावर साहेब कोळीनृत्य पाहताहेत. शूटिंगवाल्याला कुणी काय सांगितलं होतं ते नंतर विचारायची गरज पडली नाही.

“ह्यो काय डान्स करतोय?” फौजी म्हणाला.

“आवाज ऐका, आवाज,” बायको म्हणाली. “ती घुंगरं आपलीच.”

“पोरगीला ऐकायला आलोय व्हय मी?”

मुख्याध्यापक दारात येऊन उभे होते. ते समाधानानं म्हणाले, “साहेब किती रमलेत बघा.”

तेवढ्यात साहेबांनी खिशातून मोठा रुमाल काढून चेहऱ्यावर पसरला आणि घाम पुसायला सुरुवात केली. रुमालाआड दाखवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून असेल, कॅमेरा स्टेजकडे वळला. डावीकडून दुसरी. टोपली डोक्यावरून घसरतेय, ती एका हातानं सावरतेय आणि दुसऱ्या हातानं वल्हं मारतेय. फौजी उठून टीव्हीजवळ गेला. मग म्हणाला, “परत लावा, सर.” मी परत लावलं. रुमाल, मग पोरगी. पुन्हा रुमाल, मग पोरगी.

मी मशीनवरचा आकडा कागदावर टिपून त्याला दिला आणि आम्ही दोघं कॅसेट घेऊन कराडला शूटिंगवाल्याच्या दुकानात गेलो. त्याच्याकडे दोन मशीन जोडलेली होती, एकावर मूळ लावायची, दुसऱ्यावर उतरवायची. माझा आकडा पाहून तो हसला.

“ह्यो नंबर तुमच्या मशीनचा, सर. माझ्यावर न्हाई जुळायचा. कंपनी बदलली की मोजायची तऱ्हा बदलती. खूण सांगा. कशानंतर यतंय?”

“साहेब घाम पुसत्यात,” फौजी म्हणाला. “तिथनं फुडं.”

शूटिंगवाल्याला ते लगेच सापडलं. ती जागा त्यालाही आठवत असावी.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना न विचारता कॅसेटच्या डबीत एक चिठ्ठी घातली. साल, मग कार्यक्रम ज्या क्रमानं झाले त्या क्रमानं, प्रत्येकापुढे इयत्ता, मुलांची नावं आणि जवळची खूण. कोळीनृत्यापुढे लिहिलं : ‘इयत्ता पाचवी. चेअरमनसाहेब घाम पुसतात, त्यानंतर मुली दिसतात.’ मुख्याध्यापकांनी ती वाचली. साल राहू दिलं, मुलांची नावं राहू दिली. फक्त घामावर त्यांची लेखणी अडली. बऱ्याच विचारानंतर त्यांनी दुरुस्ती केली : ‘चेअरमनसाहेब रुमालाचा उपयोग करतात.’ कॅसेटच्या पाठीवरचं ‘शुभहस्ते’ मात्र जागचं हललं नाही. पुढं पोरींची लग्नं ठरू लागली, कोणी पुण्याला गेलं, कोणी मुंबईला, आणि कॅसेट मागायला माणसं येऊ लागली. बाकीच्या कॅसेटींतही मी तशाच चिठ्ठ्या घातल्या होत्या; माणसं डबी उघडून थेट चिठ्ठी वाचत. पाठीवरचं कुणी वाचलेलं मी पाहिलं नाही.

पण त्या संध्याकाळी कराडच्या दुकानात कॉपी तयार झाली तेव्हा शूटिंगवाल्यानं पेन काढून विचारलं, “वर काय टाकू? साहेबांचं नाव?”

“पोरगीचं टाक,” फौजी म्हणाला. “गाव टाक. साल टाक. आन् डावीकडनं दुसरी, त्ये बी टाक.”

“आरं गड्या, तुझीच पोरगी. तुला वळखू येणार न्हाई व्हय?”

“मला यतीय रं. मी ड्युटीवर असताना बाकीच्यांनी लावली तर? त्यास्नी कळाय नगो का, कुणाकडं बघायचं?”

शूटिंगवाल्यानं लिहिलं. फौजीनं ते स्वतः वाचून पाहिलं, शाई वाळेपर्यंत कॅसेट हातात आडवी धरली आणि मगच पिशवीत घातली.