गरम पंक्चरची स्टेपनी

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, चांगली वस्तू वापरवतच नसे. नवी चादर पाहुण्यांसाठी, स्टीलची ताटं पाहुण्यांसाठी. स्वतः माणूस फाटक्या गोधडीत झोपणार आणि पोचे पडलेल्या ताटलीत जेवणार. घरात चाललं असतं हो. पण हाच कारभार त्यांनी टेम्पोतही आणला, आणि टेम्पो चालवत होतो मी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. दाजी साताऱ्याकडून येऊन कळंबोलीत स्थिरावले होते. टेम्पो त्यांचा, स्टिअरिंग माझं आणि शेजारी बसून अक्कल पुन्हा त्यांची. लोखंड बाजारातून पत्रा भरायचा आणि तळोज्याच्या एका ड्रम बनवणाऱ्या कारखान्यात सकाळच्या पाळीआधी पोचवायचा, ही आमची फेरी. ती कायमची व्हायची होती. आणि ती कायमची झाली तरच माझं लग्न ठरणार होतं. मुलीच्या वडिलांनी सरळ विचारलं होतं, काम आज आहे, उद्या आहे का? त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं.

बाजाराच्या तोंडाशीच पंक्चरवाल्या अण्णाचं दुकान होतं. तो पंक्चर दोन तऱ्हेने काढायचा. थंड म्हणजे ट्यूब कानशीने घासायची, सोल्युशन लावायचं, ते सुकून चिकट झालं की पॅच बसवून वरून ठोकायचा. गरम म्हणजे घासलेल्या जागी कच्च्या रबराचा तुकडा ठेवायचा, ट्यूब शिकंज्यात आवळायची आणि तापवायची. रबर शिजून ट्यूबशी एकजीव होतं. मग निवेपर्यंत गप बसायचं, घाईने उघडलं तर फुगा येतो. जास्त तापवलं तर ट्यूब कडक होऊन कडेने चिरते. पण नीट झालं तर ट्यूब मरेपर्यंत ते पंक्चर पुन्हा तोंड दाखवत नाही.

थंड पॅचला मी नावं ठेवत नाही. स्कूटरला नीट मारलेला वर्षभर आरामात जातो. पण टेम्पोवर टनांनी लोखंड, खाली तापलेला डांबरी रस्ता, टायर दबून दबून आतून गरम होणार. सोल्युशन मऊ पडतं, पॅचची कड सुटते आणि आठवडाभरात पुन्हा अण्णाच्या दारात. अण्णाला हे चांगलं ठाऊक होतं, आणि तो अवाक्षर काढत नव्हता. का काढावं? आम्ही त्याचं पेन्शन होतो.

दाजींचं म्हणणं, गरम केलं की रबराचा जीव जातो. शिवाय तितका वेळ बाकड्यावर बसायचा त्यांना कंटाळा. एकदा ते गावी गेले असताना मी एक ट्यूब गरम करून आणली. परत आल्यावर त्यांनी ती बोटाने चाचपून पाहिली. पॅच कुठे संपतो आणि ट्यूब कुठे सुरू होते ते कळेना. दाजी खूश झाले. म्हणाले, काम झ्याक झालंय. आणि इतकं झ्याक झालंय म्हणून ती ट्यूब त्यांनी स्टेपनीत घातली, स्टेपनी टेम्पोच्या पोटाखाली आवळली आणि धावती चाकं थंड पॅचांवर सोडली.

मी वाद घातला. भिंतीशी घातला असता तर भिंत तरी हलली असती.

त्या उन्हाळ्यात आम्ही कारखान्यात दोनदा उशिरा पोचलो, दोन्ही वेळा सुटलेल्या पॅचमुळे. सुपरवायझर भला होता. त्याने एवढंच सांगितलं, पत्रा वेळेत आला नाही तर आमची माणसं हात बांधून उभी राहतात. पुन्हा झालं तर दुसरी गाडी लावीन.

आणि पुन्हा झालं. माल भरून निघणार तोच पुढचं डावं चाक बसलं. मी पाना घेऊन स्टेपनीकडे वळलो, तर दाजींनी हात धरला.

"पावणं, समोर अण्णा बसलाय की. स्टेपनी अडचणीला असती."

"मग ही काय वरात हाय?" मी म्हटलं.

दाजी ऐकतात होय! चाक अण्णाकडे गेलं. त्याने घासलं, सोल्युशन लावलं आणि म्हणाला, सुकू द्या. इकडे दाजींच्या पायाखाली विस्तव. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून वारा घातला, बोटाने सोल्युशन चाचपलं आणि झालं म्हणून सांगितलं. बोटाला ओलं लागलं होतं, मी पाहिलं. अण्णानेही पाहिलं. गिऱ्हाईक म्हणतंय तर चिकटव, असा त्याचा धर्म. त्याने ओल्यावरच पॅच ठेवला आणि चार हातोड्या मारल्या.

तळोज्याच्या निम्म्या वाटेत स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. उतरून बघतो तर टायर रस्त्यावर पसरलेलं. आता मात्र दाजी स्वतः म्हणाले, काढ स्टेपनी. मी टेम्पोखाली शिरलो. महिनोन्महिने कोणी हात न लावलेला तिचा नट गंजून असा बसला होता की पाना घसरून माझी बोटं सोलली, पण नट हलला नाही. शेवटी चाक रिक्षात घालून मी अण्णाकडे परत गेलो. कारखान्यात पोचलो तेव्हा पाळी सुरू होऊन माणसं उभी होती. सुपरवायझर ओरडला नाही. उद्यापासून येऊ नका म्हणाला.

मला रडू येत होतं आणि राग इतका होता की तेही नीट येईना. दाजी मात्र शांत. अण्णाचं सोल्युशन जुनं होतं, असा त्यांनी निकाल दिला. त्याच संध्याकाळी मी स्टेपनीच्या नटावर डिझेल ओतून ठेवलं. बैल गेला होता, मी झोपा करत होतो.

दुसऱ्या सकाळी आमच्या फेरीला लागलेला टेम्पो बाजारात पत्रा भरून उभा होता आणि त्याचं चाक बसलेलं होतं. त्याची स्टेपनी टायर फाटल्यामुळे टाकून दिलेली. लाइनीत रिवाज असा की मागितलेली स्टेपनी कोणी नाकारत नाही. अण्णाकडे थांबायला वेळ नव्हता, म्हणून तो ड्रायव्हर दाजींकडे आला. उशीर चालणार नाही अशी तंबी सुपरवायझरने त्याला आधीच दिलेली दिसत होती, पहिलाच दिवस आहे म्हणाला.

दाजींचा चेहरा खुलला. पाहुण्यासाठी ताट काढायची वेळ आली होती.

"पावणं, काढ आपली," ते मला म्हणाले. "बिचाऱ्याची अडचण हाय."

मी पाना घेऊन टेम्पोखाली शिरलो. नट एका झटक्यात सुटला. त्या टेम्पोला जॅक मीच लावला, आमचं चाक मीच चढवलं आणि नटही मीच आवळले. दाजी शेजारी उभे राहून त्याला सांगत होते, बिनघोर जा, गरम पंक्चर हाय, आतली ट्यूब फुटंल पण जोड सुटणार नाही. तो वेळेत पोचला.

आठवड्याने त्याने स्टेपनी धुऊनपुसून परत आणली. दाजींनी हवा तपासली, तसूभर कमी नव्हती. त्यांनी ती पुन्हा पोटाखाली टांगली आणि मला म्हणाले, बघ, जपली म्हणून कामाला आली. तेवढ्यात तो ड्रायव्हर मला विचारत होता की त्याच्या मालकाला दुसरी गाडी घ्यायचीय, चालवणारा कोणी आहे का. मी दाजींच्या हातात किल्ली दिली आणि त्याच्याबरोबर गेलो.