तमारबाईंच्या माथी मारलेली चूक

पनवेलात त्या काळी कुणीही म्हणे, टायपिंग काय, बोटं आपटली की झालं. असं म्हणणाऱ्याला तमारबाईंसमोर बसवायला हवं होतं. माझा एम.एस्सी.चा प्रबंध त्यांनीच टाइप केला, एकोणीसशे एकोणसाठ साली.

H₂O मधला दोन खाली उतरवायला त्या रूळ फिरवून कागद अर्धी ओळ वर घेत, विद्युतभाराचं चिन्ह वर चढवायला अर्धी ओळ खाली. बाणाची किल्ली यंत्रावर नव्हतीच. तिथं त्या जागा सोडत आणि मग पट्टी धरून चारही प्रतींवर शाईनं बाण काढत. अक्षर लागलं नाही, तर अंदाजानं ठोकत नसत. दोन्ही बाजूंचे अणू मोजत, भार मोजत. शाळा मॅट्रिकपर्यंतच, पण हिशेब पक्का. आसपासच्या शाळा-कॉलेजांचं काम त्यांच्याकडे येई ते याच नावावर, आणि घर चाले तेही त्यावरच.

एक पान माझ्या मार्गदर्शक सरांनी घाईत स्वतः लिहून दिलं:

MnO₄⁻ + 5Fe²⁺ + 8H⁺ → Mn²⁺ + 5Fe²⁺ + 4H₂O

बाई म्हणाल्या, "कमळाकर, अणू जुळतात, पण भार डावीकडे सतरा आणि उजवीकडे बारा. उजवीकडचं लोखंड तीन प्लस हवं ना? सरांना विचारून ये."

मी मुंबईला जाऊन विचारलं. सर कागदाकडे न बघताच म्हणाले, "टायपिस्टनं टाइप करावं, मला रसायनशास्त्र शिकवू नये. आहे तसं छापा." बाईंनी आहे तसं छापलं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. सर हसून म्हणाले, "पनवेलची टायपिस्ट हो, काय करणार." चोराच्या उलट्या बोंबा! आणि मी? सरांच्या अक्षरातला तो कागद माझ्या पिशवीत होता, आणि मी मूग गिळून बसलो. मला पदवी हवी होती. आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

परीक्षकांनी प्रत्येक प्रतीत दुरुस्तीची चिठ्ठी डकवायला सांगितली. मजकूर सरांनी लिहून दिला. चिठ्ठी टाइप करायला मी कुणाकडे गेलो असेन? दुसरं कुणाला जमणार होतं?

बाईंनी कागद वाचला. "टंकलेखिकेच्या चुकीमुळे," त्या हळू म्हणाल्या. "असंच लिहू?"

मी मान खाली घालून म्हणालो, "हो."

त्यांनी कागद चढवला. पाच Fe, तीन प्लस वर, बाण पट्टीनं, चारही चिठ्ठ्यांवर. कॉलेजांतून पुढल्या वर्षी त्यांच्याकडे काम आलं नाही. त्या चिठ्ठीत मात्र शोधून चूक सापडत नाही, एक सोडून. ती माझी आणि सरांची आहे.